गल्ला जुळतो, तरी पैसा कुठं जातो?

*पत्र:*

*चोपडा तालुक्यात बाजाराच्या गावी आमचं कृषी सेवा केंद्र आहे. काउंटरवर दोन मुलं, हिशेबाला एक मुनीम, आठ वर्षांपासून, अगदी घरच्यासारखा. माझी शेती आहे, त्यामुळं सकाळी मी केळीत असतो. दुपारी बायको दुकानात बसते. दोन वर्षांत विक्री वाढली, उधारीही वाढली, पण कंपन्यांचे पैसे भरायला हात आखडतो. परवा एक जुने गिऱ्हाईक म्हणाले, "पोळ्याला १२ हजार देऊन गेलो ना भाऊ," आणि वहीत त्यांची पूर्ण बाकी उभी. मुनीम म्हणतो लिहायचं राहून गेलं. संध्याकाळी गल्ला तर रोज जुळतो. संशय घ्यावा की नाही? आणि पुढं असं होऊ नये म्हणून काय लावून ठेवावं?*

*एक दुकानदार, जि. जळगाव*

*उत्तर:*

भाऊ, गल्ला रोज जुळतो या गोष्टीवर फार भरवसा ठेवू नका. वहीत लिहिलेले पैसे पेटीत आहेत, एवढंच गल्ला सांगतो. जे वहीत आलंच नाही त्याची गल्ल्याला खबर नसते. ते १२ हजार आले त्या दिवशी लिहिलेच गेले नाहीत, म्हणून त्या संध्याकाळीही गल्ला चोख जुळला असणार.

उधारीची वसुली एकाच माणसाच्या हातात असली की हा प्रकार वर्षानुवर्षं कसा चालू शकतो, ते आधी बघा. समजा पोळ्याला पहिल्या शेतकऱ्यानं १२,००० दिले आणि ते खिशात गेले. आता त्याच्या खात्यात भोक पडलं. आठ दिवसांनी दुसरा शेतकरी २०,००० घेऊन येतो. त्यातले १२,००० पहिल्याच्या नावावर जमा होतात आणि उरलेले ८,००० दुसऱ्याच्या. गल्ल्यात २०,००० आले, वहीत २०,००० जमा झाले, सगळं जुळलं. पहिल्याचं भोक बुजलं, पण दुसऱ्याच्या खात्यात तेवढंच पडलं. पुढं तिसरा १५,००० देतो, त्यातले १२,००० दुसऱ्याकडं वळतात आणि तिसऱ्याला ३,००० मिळतात. भोक १२ हजारांचंच राहतं, फक्त या खात्यातून त्या खात्यात सरकतं. कुणी विचारायला आलंच तर "राहून गेलं, आता लिहितो" म्हणायचं आणि पुढच्या वसुलीतून भरायचं. दरम्यान आणखी एखादी रक्कम उचलली की भोक मोठं होतं. एकूण बेरीज कितीही वेळा तपासली तरी हे सापडत नाही. ते सापडतं फक्त नावानिशी तपासलं तर: कुणी, कोणत्या तारखेला, किती दिले, आणि त्याच नावावर त्याच तारखेला तेवढेच जमा आहेत का.

याच्या खुणा वहीत राहतात. शेतकरी उधारी देताना सहसा गोल रकमा देतो, ५,०००, १०,०००, २०,०००. खात्यात मात्र ३,४०० किंवा ७,८५० असे तुकडे जमा दिसतात आणि त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या खात्यात उरलेला तुकडा असतो. दोन्हींची बेरीज गोल आली तर तिथं बोट ठेवून थांबा. कापूस विकून किंवा केळी कापून मोकळ्या झालेल्या लोकांची बाकी नव्वद दिवसांच्या पुढं सरकत राहते, हीही एक खूण. आणखी एक खूण माणसाच्या वागण्यात असते: तो रजा घेत नाही, तापातही दुकानात येतो, आणि उधारीचं गिऱ्हाईक आलं की "थांबा, मी बघतो" म्हणून स्वतः पुढं होतो.

तरीही आत्ता मुनिमाला काही बोलू नका. अशाच खुणा निव्वळ गोंधळातूनही तयार होतात. आपल्याकडं एका गावात एकाच नावाचे तीन-तीन पाटील असतात आणि एकाची जमा दुसऱ्याच्या खात्याला पडते. भावानं पैसे आणून दिले, ते भावाच्याच नावावर चढले, असंही होतं. गर्दीत चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी शर्टाबरोबर धुतली गेली, हेसुद्धा घडतं. चोरी आणि गबाळेपणा यांतला फरक एका खात्यावरून कळत नाही, तीस-पस्तीस खाती बघितली की कळतो.

ती पडताळणी तुम्ही स्वतः करा, स्वतःच्या फोनवरून किंवा पारावर भेटून. खाती अशी निवडा: सर्वांत मोठ्या बाकीची वीस, मधलीच कुठलीही दहा, आणि गेल्या वर्षात ज्यांची बाकी सूट देऊन किंवा "बुडीत" म्हणून मिटवली अशी पाच. या शेवटच्या पाच खात्यांकडं बघायला लोक विसरतात, आणि भोक कायमचं गाडून टाकायची सोपी जागा तीच असते. शेतकऱ्याला आपला आकडा आधी सांगू नका. "तुमच्या हिशेबानं माझं किती निघतं?" एवढंच विचारा. आकडा आधी सांगितला तर निम्मे लोक संकोचानं "असंल भाऊ" म्हणतील. मग शेवटचे पैसे कधी दिले, किती, कुणाच्या हातात आणि पावती मिळाली का, हे त्यांच्यासमोरच लिहून घ्या. पस्तीसपैकी एक-दोन खाती चुकली आणि त्यांची जमा दुसऱ्याच कुणाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण सापडली, तर गोंधळ आहे. पाच-सहा खात्यांत दिलेली तारीख आणि जमेची तारीख यांत आठ-पंधरा दिवसांचं अंतर असेल आणि रकमा तुकड्यांत असतील, तर ती सरकवासरकव आहे.

आता पुढची व्यवस्था. दुकानात पैशाची तीन कामं असतात: पैसे घेणं, वही लिहिणं आणि दोन्ही ताडून बघणं. मोठ्या पेढीत यांना तीन वेगळी माणसं असतात. तुमच्याकडं मिळून पाच माणसं आहेत, तेवढी पुरतात, फक्त वाटणी बदलायला हवी. उधारीचे पैसे मुनिमानं घ्यायचे नाहीत. ते गल्ल्यावर बसलेल्यानं घ्यायचे: दुपारी वहिनींनी, इतर वेळी दोन मुलांपैकी ठरलेल्या एकानं. मुनिमानं पावतीची प्रत बघून खात्यात चढवायचं आणि नोटेला हात लावायचा नाही. ताडून बघायचं काम तुमचं, आणि ते दुसऱ्या कुणाकडं देऊ नका. तुम्ही बाहेरगावी असाल तर वहिनींकडं, बस.

या सगळ्याचा कणा म्हणजे छापील पावतीबुक. पन्नास पावत्यांचं, प्रत्येक पावती तीन प्रतींत, वेगवेगळ्या रंगांच्या कागदावर, आणि नंबर छापखान्यातूनच सलग छापून आलेले. नंबर हातानं टाकायची पावतीबुकं घेऊ नका. बाजारात कोरी मिळतात आणि तसलंच दुसरं बुक कुणीही आणून वापरू शकतो. पहिली प्रत शेतकऱ्याला, दुसरी मुनिमाला, तिसरी बुकातच. कोरी बुकं तुमच्या कपाटात कुलपात ठेवा आणि एका वहीत लिहा: या तारखेला या नंबरपासून या नंबरपर्यंतचं बुक अमक्याला दिलं, सही. जुनं बुक परत आल्याशिवाय नवं द्यायचं नाही. पावती चुकली तर फाडून फेकायची नाही. तिन्ही प्रती बुकातच, आडवी रेघ मारून. तिन्हींपैकी पहिली प्रत नसेल तर ती पावती रद्द झालेली नाही. ती कुणाच्या तरी खिशात आहे आणि तिचे पैसेही कुणाच्या तरी खिशात आहेत.

पावतीवर नावाबरोबर गाव, मोबाइल आणि खाते क्रमांक हवाच. पाटलांचा घोळ त्यानं एका फटक्यात संपतो. मुलगा वसुलीला खेड्यावर जात असेल तर त्याच्यासाठी वेगळं बुक ठेवा आणि त्याच संध्याकाळी भरणा घ्या. "उद्या देतो" एकदा चालवून घेतलं की पुढं आठवड्यावर जातं.

दुकानात पाटी लावा. पण "पावतीशिवाय दिलेले पैसे जमा धरले जाणार नाहीत" असं तिच्यावर लिहू नका, अनेक जण लिहितात. तुमच्या दुकानात, तुमच्या माणसाकडं त्या शेतकऱ्यानं पैसे दिले म्हणजे त्यानं ते तुम्हालाच दिले. त्याचं देणं फिटलं; नुकसान झालं असेल तर ते तुमचं. अशा पाटीनं एवढंच होतं की पावती न मिळालेला माणूस गप्प बसतो, आणि तुम्हाला नेमकं त्याचंच बोलणं ऐकायचं असतं. म्हणून मोठ्या अक्षरांत लिहा: "पैसे दिले की छापील पावती मागून घ्या. पावती मिळाली नाही तर या नंबरवर सांगा," आणि नंबर तुमचा स्वतःचा द्या.

त्याच रात्री बुकातली तिसरी प्रत बघून ज्यांनी पैसे दिले त्यांना तुमच्या फोनवरून निरोप पाठवा: "आज १०,००० जमा. बाकी २३,६५०." दिवसाला आठ-दहा निरोप, पाच मिनिटांचं काम. हे मुनिमावर किंवा मुलांवर सोपवलं तर त्याचा काही उपयोग नाही. निरोप एका हातातून आणि वहीतली नोंद दुसऱ्या हातातून निघाली, तरच शेतकरी तुमच्यासाठी राखण करतो. पावतीची तारीख आणि खात्यातली तारीख आठवड्यातून एकदा ओळीनं ताडून बघा. तुकड्यांचा खेळ इथं लगेच उघडा पडतो, कारण पावतीवर २०,००० एका नावानं असतात आणि वहीत दोन नावांनी.

आता संध्याकाळच्या गल्ल्याकडं वळू. तुमच्याकडं बहुधा असं चालत असणार: संगणकावर दिवसाची रोख किती ते बघायचं, मग नोटा मोजायच्या आणि "जुळलं" म्हणायचं. हा क्रम उलटा करा. आधी नोटा मोजून कागदावर लिहायच्या, सही करायची, आणि मगच अपेक्षित आकडा काढायचा. मोजणाऱ्याला आकडा आधी माहीत असला तर तो आकड्याएवढं पेटीत ठेवतो आणि वरचं काढून घेतो. बिल न करता विकलेल्या मालाचे पैसे दिवसभर गल्ल्यातच पडून असतात आणि मोजणीच्या वेळी बाजूला होतात. म्हणून वाढ निघणं हे तुटीइतकंच गंभीर आहे. शंभर रुपये कमी आले की आपण चिडतो आणि तीनशे जास्त आले की खूश होतो, ही सवय मोडायला हवी.

एका दिवसाचा हिशेब मांडून दाखवतो. सकाळी सुट्ट्यांसाठी गल्ल्यात २,००० ठेवले. ही रक्कम रोज तीच ठेवा. दिवसभरात रोखीची बिलं ३८,४५० ची झाली आणि उधारीपोटी रोख २७,००० आले, म्हणजे एकूण ६७,४५०. त्यातून हमाली ६००, ट्रान्सपोर्टचं भाडं १,२०० आणि चहापाणी १५० असे १,९५० गेले. तुम्ही घरी ५,००० नेले. मग पेटीत ६०,५०० असायला हवेत. मोजणीत आलं ते असं:

५०० च्या १०४ नोटा: ५२,०००
२०० च्या १८: ३,६००
१०० च्या ३५: ३,५००
५० च्या १४: ७००
२० च्या १५: ३००
१० च्या १८: १८०
नाणी: ७०
एकूण: ६०,३५०

दीडशे कमी. चिठ्ठ्या चाळल्या, एखादी हमालीची चिठ्ठी राहिली का ते विचारलं. सापडली तर ठीक. नाही सापडली तर रोजमेळात "तूट १५०" असं लिहायचं आणि पुढं जायचं. खिशातून भरून घ्यायचं नाही, उद्याच्या गल्ल्यातून भरायचं नाही, मुलाच्या पगारातूनही कापायचं नाही. दंड बसतो म्हटलं की लोक तूट दाखवत नाहीत, वाढ दाबून ठेवतात आणि तिच्यातून तूट भरतात. मग तो आकडा तुमच्या कामाचा राहत नाही. महिन्याच्या शेवटी तूट-वाढीची यादी बघा. सगळ्या माणसांवर आणि दिवसांवर दहा-वीस रुपये पसरलेले असतील तर ते सुट्ट्यांचं आहे. बाजाराच्याच दिवशी, एकाच मुलाच्या पाळीत, गोल रकमेत येत असेल तर तो दुसरा प्रकार आहे.

दुसऱ्या दिवशी २,००० ठेवून बाकीचे ५८,३५० जसेच्या तसे बँकेत. भरणा केलेली रक्कम आणि रोजमेळातली रक्कम रुपयाला रुपया तीच हवी. म्हणजे सहा महिन्यांनीही बँकेचा उतारा हातात धरून रोजमेळ तपासता येतो. सुट्टीमुळं दोन दिवसांचा भरणा एकत्र होत असेल तर पाकिटं वेगळी ठेवा.

यात एक कडू गोष्ट आहे, ती तुम्हालाच लागू आहे. मालक जाता-येता गल्ल्यातून मूठभर नोटा उचलतो, डिझेलला, मजुरांच्या हजेरीला, कुणाच्या लग्नातल्या आहेराला. चिठ्ठी लिहीत नाही, कारण पैसे आपलेच. त्या क्षणापासून दुकानात कुणाचीही तूट सिद्ध होऊ शकत नाही. "भाऊंनी नेले असतील" हे उत्तर सगळ्यांना तयार मिळतं. वरच्या हिशेबातले ५,००० चिठ्ठीवर नसते तर तूट ५,१५० दिसली असती आणि दीडशेचा शोध कुणी घेतलाच नसता. चिठ्ठी तुम्हीही लिहा, वहिनींनीही लिहायची. ही एक सवय लागली नाही तर बाकीचं काहीच लावू नका, उपयोग होणार नाही.

मोबाइलवर आलेले पैसे रोखीत मिसळू नका. रात्री बँकेच्या किंवा दुकानाच्या ॲपमधली यादी आणि "ऑनलाइन" म्हणून केलेली बिलं समोरासमोर ठेवा. बारा अंकी व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक बिलावर लिहायची सवय मुलांना लावली की जुळवणं सोपं जातं. गिऱ्हाइकानं दाखवलेला स्क्रीनशॉट पुरावा धरायचा नाही. "पैसे गेले" असं दाखवणारी बनावट ॲपं फिरतात. काउंटरवरच्या साउंडबॉक्सच्या डब्यानं आवाज दिला किंवा तुमच्या यादीत आलं तरच माल उचलू द्या. दुसरी फट आतून असते. "सर्व्हर डाऊन आहे, माझ्या नंबरवर टाका" म्हणून काउंटरवरचा मुलगा स्वतःचा कोड पुढं करतो, किंवा तुमच्या कोडावर दुसरं स्टिकर चिकटतं. आठवड्यातून एकदा काउंटरवरचा प्रत्येक कोड स्कॅन करून एक रुपया टाका आणि नाव कुणाचं येतं ते बघा.

बिलांमधली चोरी दोन जागी होते. एक म्हणजे बिल होतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, आणि नंतर ते बिल रद्द होतं किंवा त्यात सूट घुसवली जाते. २,४०० चं बिल संध्याकाळी २,२५० चं होतं आणि दीडशे बाजूला पडतात. तुमचं काम टॅलीवर असेल तर एक फरक नीट समजून घ्या. `Alt+X` नं बिल रद्द केलं तर नंबर यादीत राहतो आणि रद्द झाल्याचं दिसतं. `Alt+D` नं ते पुसलंच जातं. त्यात नंबर आपोआप पडण्याच्या पद्धतीत पुढची बिलं वर सरकून नव्यानं नंबर घेणार अशी मांडणी असेल, तर मधलं एक बिल गेल्याचं कुणालाही कळत नाही, कारण नंबरांत खाच दिसतच नाही. विक्रीच्या व्हाउचर प्रकारात जाऊन बिल पुसलं तरी मूळ नंबर तसेच राहतील, म्हणजे `Retain Original Voucher No.`, असं करून घ्या. मुलांना आणि मुनिमाला वेगवेगळी नावं आणि वेगवेगळे पासवर्ड द्या. त्यांना नवं बिल करता यावं, पण केलेलं बिल बदलता किंवा पुसता येऊ नये. तो अधिकार फक्त तुमच्या नावाला. आत्ता एकाच पासवर्डवर सगळे काम करत असतील, तर बदल कुणी केला हे कुणीच सिद्ध करू शकत नाही. बिलात कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारा `Edit Log` त्यात आहे, तोही चालू करून घ्या.

जीएसटीच्या नियमांप्रमाणं बिलांचे नंबर सलग असावेच लागतात, आणि जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये किती बिलं काढली आणि किती रद्द झाली हे द्यावं लागतं. तुमचे कर सल्लागार दर वेळी तिथं "रद्द: शून्य" भरत असतील आणि दुकानात मात्र रोज बिलं रद्द होत असतील, तर दोन्हींकडं एकदा बघायला हवं. रद्द बिलाला साधा नियम ठेवा: गिऱ्हाइकाची मूळ प्रत मागं जोडलेली असेल तरच ते रद्द. ती नसेल तर गिऱ्हाईक बिल घेऊन घरी गेलं आहे, मग रद्द कसं झालं? रात्री रद्द बिलांची यादी बघा. फक्त रोखीचीच बिलं रद्द होत असतील, तीही तुम्ही केळीत असताना, तर त्यातल्या दोन-तीन गिऱ्हाइकांना सहज फोन करून विचारा की औषध कसं लागलं. मालपरतीचंही तसंच. परतीच्या चिठ्ठीवर शेतकऱ्याची सही आणि मोबाइल हवा, आणि परत आलेल्या बाटल्या बॅच नंबरासकट रॅकवर दिसायला हव्यात. कागदावर परत आली आणि रॅकवर नाही, अशी बाटली बाहेर विकली गेली समजा.

दुसरी जागा अधिक अवघड, कारण तिथं बिलच होत नाही. ते ना गल्ल्यात सापडतं ना पावत्यांत, फक्त मालात सापडतं. आख्खं गोडाऊन मोजायची गरज नाही. लहान, महाग आणि पटकन खपणाऱ्या वस्तू निवडा: शंभर मिलीच्या कीटकनाशकांच्या बाटल्या, कपाशीच्या बियाण्याची पाकिटं, विद्राव्य खताची किलोची पाकिटं. रोज पाच वस्तू, दर वेळी वेगळ्या, आणि कोणत्या ते त्याच क्षणी ठरवायचं. एका कीटकनाशकाच्या महिन्याच्या सुरुवातीला २४ बाटल्या होत्या, ४० आल्या, ४७ ची बिलं झाली, तर रॅकवर १७ हव्यात. १३ निघाल्या तर चार बाटल्या बिलाशिवाय गेल्या. आधी फुटलेल्या, मुदत संपून बाजूला ठेवलेल्या आणि नमुन्याला दिलेल्या तपासा. मग उरल्या त्या खऱ्या. अनुदानाच्या खतांचं काम थोडं सोपं आहे. ती आधार लावून पॉस मशीनवरूनच विकावी लागतात, म्हणून मशीनमधली शिल्लक, साठा रजिस्टर आणि थप्पी अशा तीन जागा ताडता येतात. यांत फरक पडला तर पैशापेक्षा परवान्याची काळजी आधी करा. गुणनियंत्रणवाले पहिल्यांदा तेच बघतात, आणि गर्दीत मशीनवर नंतर चढवू म्हणून ठेवलेल्या गोण्या हे त्याचं नेहमीचं कारण असतं.

खरेदीच्या बाजूनं थोडक्यात सांगतो. गोणी उतरताना मोजणारा आणि कंपनीचं बिल वहीत चढवणारा एकच नको. महिन्याला जीएसटीआर-२बी काढून आपल्या वहीतली खरेदीची बिलं त्याच्याशी लावा. वहीत आहे पण तिथं नाही असं बिल एक तर व्यापाऱ्यानं भरलेलं नसतं किंवा खोटं असतं, दोन्हींत विचारणा करायलाच हवी. कंपनीच्या योजनेतली सूट आणि परतीची क्रेडिट नोट नेमकी कोणाच्या हातात येते तेही बघा. ती थेट तुमच्या मोबाइलवर मागवा.

मुनिमाबद्दल. पडताळणीत काही निघो न निघो, त्यांना वर्षातून एकदा सलग आठ दिवस रजा द्या आणि त्या दिवसांत वही दुसऱ्यानं लिहावी, कर सल्लागारांच्या ऑफिसातला मुलगा चालेल. खाती सरकवून झाकलेलं भोक आठ दिवस झाकलं जात नाही. नवी व्यवस्था सांगताना कारण खरं तेच सांगा: उधारी वाढली, खाती वाढली, एका माणसावर सगळं टाकणं बरोबर नाही. पैसे हातातून जाणार नसतील तर उद्या कुणी त्यांच्यावर बोटही दाखवू शकणार नाही. प्रामाणिक माणसाला यानं हायसं वाटतं, आणि आठ वर्षांची नोकरी असलेल्या माणसाला ते ऐकायचा हक्क आहे.

पडताळणीत सरकवासरकव निघालीच, तर आधी कागद सांभाळा. संगणकाची पूर्ण प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्या, पासवर्ड बदला, जुन्या वह्या आणि चिठ्ठ्या घरी न्या, शेतकऱ्यांनी सांगितलेल्या तारखा-रकमा लिहिलेला कागद जपा. मग कर सल्लागार किंवा गावातलं एखादं जाणतं माणूस सोबत ठेवून एकेक खातं समोर मांडा आणि लेखी खुलासा मागा. दरडावून कोऱ्या कागदावर सही घेणं, कोंडून ठेवणं, हात उचलणं यातलं काही केलं तर गुन्हा तुमच्यावर येईल आणि पैसे राहतील बाजूला. नोकरानं विश्वासानं सोपवलेल्या पैशाचा अपहार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(४) खाली सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तक्रार द्यायची की हप्त्यानं वसूल करायचं हा तुमचा निर्णय, पण दोन्हीसाठी हेच कागद लागतील, आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

ते १२ हजार देऊन गेलेले गिऱ्हाईक मात्र या सगळ्याची वाट बघत बसता कामा नयेत. आजच त्यांच्या घरी जा, रक्कम जमा धरा, पावती द्या, आणि पैसे कुणाच्या हातात दिले होते ते विचारा. पावतीबुकांचा छपाईचा निरोपही आजच द्या. कापसाची पहिली वेचणी विकून दसऱ्यापासून लोक पैसे घेऊन यायला लागतील, तोवर बुकं काउंटरवर हवीत.